शंभर टक्के भरलेली गाडी

राजेंद्र हिवराळे पाटबंधारे खात्याच्या लेखा विभागातून निवृत्त झाले, पण लेखा विभाग काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. खोलीतून माणूस बाहेर पडला की पंखा बंद. गॅसवर दूध वर यायच्या बेतात असलं की गॅस बंद, उरलेलं काम भांड्याच्या उष्णतेनं करायचं. वर्तमानपत्र दोन दिवस वाचायचं, कारण पहिल्या दिवशी काही बातम्या राहून जातातच. बायकोनं, म्हणजे सुलेखाबाईंनी, या माणसाशी बेचाळीस वर्षं संसार केला आणि या काळात त्याच्याकडून जे काही सुटं झालं ते फक्त एकाच ठिकाणी. गाडीत.

हे ठिकाण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हिवराळे घरात बोलत नाहीत. वाईट माणूस नाही, तुसडा नाही, पण बोलणं हाही त्यांच्या मते एक खर्चच. "चहा?" "हो." "मीठ बरोबर आहे?" "आहे." संध्याकाळपर्यंतचा हिशेब बारा-पंधरा शब्दांत मिटतो. तोच माणूस गाडीच्या स्टेअरिंगमागं बसला की त्याला वाचा फुटते. समोरच्या काचेकडं बघत बोलतो, शेजारी बघत नाही, पण बोलतो. मिलिंद कॉलेजातल्या मित्रांबद्दल, आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल, जे कुणालाच सांगितलं नाही त्याबद्दलही.

याचं मूळ जुन्या फियाटमध्ये आहे. लग्न झालं तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या, आता राहतात त्याच गल्लीत दीड खोलीचं घर होतं. त्यात सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि परीक्षेच्या दिवसांत गावाकडून आलेली जी असतील ती पोरं. नवराबायकोनं दोन शब्द एकमेकांना सांगायचे तर जागा कुठली? मग काही वर्षांनी हिवराळेंनी तिसऱ्या हाताची फियाट घेतली. आजूबाजूच्यांना वाटलं, माणूस साहेब झाला. खरं असं होतं, की त्या घराला पहिल्यांदाच आतून बंद होणारं दार मिळालं. संध्याकाळी "बॅटरी बघून येतो" असं म्हणून हिवराळे बाहेर पडायचे आणि "यांना चहा देऊन येते" म्हणून सुलेखाबाई. गल्लीच्या तोंडाशी उभ्या फियाटमध्ये दोघं चहा पीत बसायची. सासूबाईंना सगळं कळायचं. त्या एवढंच म्हणायच्या, "तुमच्या बॅटरीला लई पाणी लागतंय बाई."

त्या फियाटमध्ये कॅसेटप्लेअर होता. पण इंजिन बंद असताना दोनच गाणी वाजवायची, हा हिवराळेंचा नियम. तिसरं गाणं लागलं की सकाळी धक्का मारावा लागणार. सिल्लोडला सुलेखाबाईंच्या माहेरी जाताना तर एकदा धक्का मारण्याची पाळी फुलंब्रीच्या पुढं आली होती, भर रस्त्यात, शाळा सुटलेली, पोरं दोन्ही बाजूंना उभी, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षिका सुलेखाबाई नव्या साडीत गाडी ढकलतायत. आत स्टेअरिंगवर हिवराळे. "तू ढकल, मी क्लच सोडतो," एवढंच म्हणाले होते. परत येताना चौक्याच्या घाटात उताराला मात्र त्यांनी नेहमीप्रमाणं इंजिन बंद केलं. पेट्रोल वाचतं. गाडी आपली आपण घरंगळत खाली येत होती, वाऱ्याचा आवाज तेवढा, आणि त्या घाटात हिवराळे म्हणाले होते, "आज तू नसतीस तर मी तिथंच रडलो असतो." घरी असते तर असलं वाक्य या माणसाच्या तोंडातून दोरी बांधून ओढलं तरी आलं नसतं.

आता घर चार खोल्यांचं आहे. सासू, सासरे गेले, दीर आपापल्या घरी. एकुलती मुलगी संध्या पुण्यात नोकरीला. दारं पाहिजे तितकी, बंद करायचं कारण नाही. पण हिवराळेंची जीभ अजूनही गाडीतच सुटते. दोन वर्षांपूर्वी संध्यानं आईवडलांसाठी पोर्चमध्ये विजेवर चालणारी नवी गाडी आणून उभी केली, तेव्हा तिला वाटलं आईबाबा दवाखान्यात, बाजारात आरामात जातील. ती दोघं आठवड्यातून एकदा भाजीला गेली तर गेली. बाकी रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पोर्चमध्येच गाडीत जाऊन बसायची. रेडिओ लावायची. आकाशवाणीवर जुनी गाणी लागायची. हिवराळे बोलायचे.

हे संध्याला माहीत नव्हतं. सांगणार कोण? सत्तरीतली दोघं घरासमोर उभ्या गाडीत बसून रेडिओ ऐकतात, हे लेकीला फोनवर सांगायचं म्हणजे काय?

संध्याला माहीत होतं ते वेगळंच. गाडी तीनदा बंद पडली होती. बंद म्हणजे काही रस्त्यात नाही, पोर्चमध्येच. किल्लीचं बटण दाबलं तर दार उघडत नाही. किल्लीच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडावं तर आतला पडदा काळा, बटण दाबलं तर काही नाही. चार्जर लावावा तर चार्जरचा दिवा लागतो, गाडी मात्र ढिम्म. पहिल्यांदा कंपनीचा माणूस आला, बोनेट उघडून बाहेरून करंट दिला, गाडी चालू. दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बोनेटखालची छोटी बॅटरी बदलून दिली. आणि तिसऱ्यांदा, मागच्या सोमवारी, सुलेखाबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. रिक्षा मिळेपर्यंत वेळ टळून गेली, डॉक्टरांनी पुढची तारीख दिली.

मग संध्यानं ठरवलं. ती शुक्रवारी संध्याकाळी आली तीच निरोप घेऊन.

"वाळूजला माझ्या कंपनीच्या प्लांटमधले एक जण आहेत, सोमनाथ म्हणून. त्यांना अशीच गाडी हवी आहे. रविवारी बघायला येतायत."

"विकायची?" सुलेखाबाईंनी विचारलं.

"आई, ज्या गाडीचं दार ऐनवेळी उघडत नाही ती ठेवून काय करायची? उद्या छातीत दुखायला लागलं तर? तुम्हाला कुठं जायचं असतं तरी कितीसं? कॅब बोलवा. मी पुण्याहून मोबाइलवर बुक करून देईन."

हिवराळे म्हणाले, "बरं." एवढंच. त्यांच्या मते विषय संपला. सुलेखाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि उठून आत गेल्या. कॅबमध्ये तिसरा माणूस असतो, हे काही लेकीला सांगता येण्यासारखं कारण नव्हतं.

गिऱ्हाईक यायचं तर गाडी चालू हवी. सर्व्हिस सेंटरची व्हॅन सोमवारशिवाय येणार नाही म्हणाली. म्हणून शनिवारी सकाळी गोकुळ काकडेला बोलावलं. गोकुळचं वडलांपासूनचं बॅटरीचं दुकान तीन गल्ल्या सोडून. फियाटच्या काळापासून. मूळचा सिल्लोडकडचा, गावी मक्याची शेती, पण त्याला लहानपणापासून ॲसिडच्या वासाची गोडी. हिवराळेंपेक्षा चार वर्षांनी धाकटा आणि तोंडानं चाळीस पट मोठा.

"या म्हातारपणी मला कशाला बोलावता हिवराळेसाहेब?" गोकुळ फाटकातूनच ओरडला. मागं स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी एक बॅटरी आणि जाड वायरी. "तुमची गाडी विजेची, आमचं दुकान बंद पाडणारी. मला वाटलं होतं हिच्यात बॅटरी चाळीस लाखाची आन् कधी मरत नाय!"

"मोठी मेली नाही रे. छोटी मेली."

"छोटी म्हणजे आपली जुनी ओळखीची. बघू द्या."

त्यानं बोनेट उघडलं. मोठ्या बॅटरीचं तिथं काही दिसत नव्हतं, ती खाली, सीटांखाली सपाट पसरलेली. दिसत होती ती एका कोपऱ्यात बसलेली, काळ्या डब्याची, दोन खुंट्यांची साधी बॅटरी. गोकुळनं मीटर लावलं आणि शिट्टी वाजवली.

"नऊ व्होल्टसुद्धा नाय. बारावर असायला पाहिजे. ही तर फार दिवसांपासून उपाशी दिसतीय."

"नवी आहे," संध्या म्हणाली. "मागच्या वेळी बदलून दिली आहे."

"मग नव्या सुनेला पण जेवू घातलं नाय म्हणा की."

त्यानं आपल्या बॅटरीच्या वायरी जोडल्या. लाल अधिकच्या खुंटीवर, काळी गाडीच्या लोखंडी पट्टीवर. मग हिवराळेंना म्हणाला, "बसा आत. ब्रेक दाबा, मग बटण दाबा."

हिवराळे बसले. बटण दाबलं. गाडीच्या पोटातून टक्, टक् असा आवाज आला, पडदा उजळला आणि त्यावर हिरव्या अक्षरात 'रेडी' उमटलं. शेजारीच, ठसठशीत, शंभर टक्के.

"बघ," हिवराळे म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोठा झाला, कारण ते गाडीत बसले होते. "हेच मला कळत नाही! शंभर टक्के भरलेली आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही शंभर होती. सगळं घर दोन दिवस चालेल एवढी वीज खाली भरलेली आहे, आणि दार उघडत नाही?"

"टक् टक् ऐकलं ना?" गोकुळनं हात पुसले. "ते ऐकायला शिका. खालची बॅटरी तीन-चारशे व्होल्टची. हात लागला तर माणूस खलास. म्हणून गाडी बंद केली की ती सगळ्या गाडीपासून तोडून टाकतात. मधले मोठे स्विच उघडे. ते स्विच ओढून जोडायचे कुणी? या छोटीनं. दाराचं कुलूप, गाडीचे कम्प्युटर, सगळं छोटीवर. छोटी मेली की स्विच ओढायला कुणी नाय. मग खाली शंभर टक्के असो नायतर दोनशे असो. तिजोरी भरलेली, पण उघडणारा कारकून रजेवर."

कारकून म्हटल्यावर हिवराळेंना पटलं.

"आणि चार्जर लावला तरी?"

"चार्जर वीज घेऊन दारात उभा. गाडीला जाग आली तर ती आत घेणार. जागं करायचं कुणी? छोटीनंच."

गोकुळनं आपल्या वायरी काढल्या. गाडी चालूच राहिली. त्यानं पुन्हा मीटर लावून दाखवलं, आता आकडा चौदाच्या वर गेला होता. "हे बघा. स्विच एकदा जोडले की खालची मोठी छोटीला पाजायला लागती. फियाटमध्ये हे काम डायनॅमो करायचा, इंजिन फिरलं की. इथं इंजिन नाय, मधी एक कन्व्हर्टर बसवलाय. पण दोन्हीकडं गोष्ट तीच. गाडी चालू असली तरच पाजणार. काही गाड्या म्हणे उभ्या उभ्या मधूनमधून आपण होऊन उठतात आन् पाजून परत झोपतात. तुमच्या या मॉडेलला ती अक्कल दिलेली नाय."

"म्हणजे गळती आहे कुठंतरी," हिवराळे म्हणाले. "गाडी बंद असताना काहीतरी छोटीतून करंट खातंय. ते शोध. ते सापडलं तर गाडी ठेवता येईल."

हे वाक्य 'तर'सकट ते बोलले आणि लगेच गाडीतून उतरले, म्हणून पुढं काही बोलले नाहीत. पण सुलेखाबाई पोर्चच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. संध्यानंही ऐकलं, आणि बाबांना गाडी हवी आहे ही बातमी तिला पहिल्यांदाच कळली.

"काका, गळती सापडली आणि दुरुस्त झाली तर मी सोमनाथना नाही म्हणेन," ती म्हणाली. "पण मला कारण पाहिजे. 'आता होणार नाही' असं दोनदा ऐकलंय मी."

गोकुळनं गाडी तासभर तशीच चालू ठेवली, छोटीला पोटभर पाजून घेतलं. मग बंद केली. किल्ली आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला लावली. "जवळ असली की हिची झोप मोडती." छोटीच्या वायरीला चिमट्याचं मीटर लावलं आणि पायरीवर बसून चहा मागवला. गाडी लगेच झोपत नाही, तिच्यातले एकेक कम्प्युटर थोड्या थोड्या वेळानं झोपतात, तेवढं थांबावं लागतं.

त्या थांबण्यात फियाट निघाली. निघणारच होती.

"तिला मी लावलेली बॅटरी किती चालली, सांगा बरं वहिनी?"

"साडेसात वर्षं," सुलेखाबाई म्हणाल्या. "तुम्ही आजही सांगता."

"सांगणारच! तेव्हा आमच्या दुकानात रांगेनं बॅटऱ्या लागलेल्या असायच्या. ट्रॅक्टरच्या, मेटॅडोरच्या, कीर्तनवाल्याच्या लाउडस्पीकरच्या. आमचे वडील बल्बाचं काचेचं मीटर बुडवून ॲसिड बघायचे आन् माणसाकडं न बघता सांगायचे, 'तू ट्रॅक्टरचा दिवा तसाच ठेवून झोपतोस.' सगळ्यांच्या घरच्या रात्री आम्हाला ठाऊक. आन् हे हिवराळेसाहेब! आठवड्याला यायचे. 'गोकुळ, बॅटरी उतरली.' मी विचारायचो, काय केलं? तर म्हणे, काही नाही. अरे, काही नाही केलं तर उतरती कशी?"

संध्या हसली. "मग काय करायचे बाबा?"

हिवराळेंनी चहाचा कप पाहिला. सुलेखाबाईंनी पदर सारखा केला.

गोकुळनं मीटर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "संध्या, ये बघ. गाडी झोपली. किती खाती? तीसपेक्षा कमी मिलीॲम्पिअर. म्हणजे महिनाभर हात न लावता उभी राहिली तरी सकाळी चालू होईल. गळती नाय. कुठंच नाय."

हिवराळेंचा चेहरा उतरला. गळती असती तर बरं होतं.

"म्हणजे कारण सापडलं नाही," संध्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. "बाबा, मग उद्या देऊन टाकू."

"थांब," गोकुळ म्हणाला. "गाडी आपण होऊन खात नाय, एवढंच सिद्ध झालं. मग कुणीतरी तिला खायला लावतंय." त्यानं हिवराळेंकडं डोळे बारीक केले. त्या नजरेत त्याचे वडील होते. "साहेब, खरं बोला. गाडी बंद असताना तिच्यात काय चालतं?"

"काही नाही."

"बघा! चाळीस वर्षांपूर्वीचंच उत्तर."

"गोकुळभाऊ," सुलेखाबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या. शाळेत वर्गासमोर उभ्या राहायच्या तशा. "आम्ही बसतो."

"कुठं बसता?"

"गाडीत. संध्याकाळी. रेडिओ लावून."

संध्या आईकडं बघत राहिली. "कुठं जाता?"

"कुठं जात नाही गं. इथंच. पोर्चमध्ये."

"रोज?"

"जवळजवळ."

गोकुळनं तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते. "किती वेळ?"

"दीड तास होतो. कधी दोन," असं म्हणून सुलेखाबाईंना लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. "त्यात काय झालं? आमचीच गाडी आहे."

इथं हिवराळे मध्ये पडले. बायकोला वाचवायला नाही, हिशेबाला वाचवायला. "रेडिओचा प्रश्नच येत नाही. मी तपासलेलं आहे. बसताना शंभर टक्के, उठताना शंभर टक्के. रोज पाहतो. रेडिओ एक टक्कासुद्धा खात नाही."

"चालू कशी करता? ब्रेक दाबून?"

"ब्रेक कशाला दाबू? ब्रेक दाबला की ती 'रेडी' होते, टक् टक् करते, मोठी बॅटरी लागते. नुसतं बटण दाबायचं. पडदा लागतो, रेडिओ लागतो, थोडा पंखा लागतो आणि मोठी बॅटरी तशीच राहते. पूर्ण शंभर. मी शोधून काढलंय ते."

शेवटचं वाक्य त्यांनी अभिमानानं म्हटलं. आणि म्हणता म्हणता थांबले. लेखा विभागात तीस वर्षं घालवलेला माणूस आहे, त्याला पुढची ओळ दाखवावी लागत नाही. मोठीतून गेलं नाही. पण रेडिओ वाजला. पडदा लागला. पंखा फिरला. खर्च तर झाला. मग पडला कुणाच्या नावावर?

ते हळूच म्हणाले, "छोटीच्या."

"छोटीच्या!" गोकुळनं मांडीवर थाप मारली. "अहो, ब्रेक न दाबता बटण दाबलं की मोठी तोडलेलीच राहती, कन्व्हर्टर बंद. रेडिओ, पडदा, कम्प्युटर, पंखा, सगळं त्या एवढ्याशा छोटीच्या डोक्यावर. कुणी पाजणारं नाय. आठवडाभर गाडी हलली नाय की ती आडवी. आन् मोठी शंभराला टेकून बसलीय, तिला चार्जिंगही लागत नाय, म्हणजे त्या निमित्तानं होणारं पाजणंही बंद. मधी कधी भाजीला गेलात की थोडी सावरायची, एवढंच."

"पण गाडी काही सांगत नाही?" संध्यानं विचारलं. "काही वॉर्निंग?"

सुलेखाबाईंनी सांगितलं, "पडद्यावर इंग्रजीत येतं. बॅटरी वाचवण्यासाठी बंद होत आहे, असं काहीतरी. मग आपोआप बंद होतं. हे परत बटण दाबतात."

"शंभर टक्के दिसत असताना बॅटरी वाचवायची कशाला?" हिवराळे म्हणाले. "मला वाटलं, तिला सवय आहे म्हणायची."

आता मात्र संध्याला हसू आवरेना. ती पायरीवर बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "बाबा, फियाटमध्ये दोन गाण्यांवर तिसरं वाजवू द्यायचा नाहीत तुम्ही! मला आठवतंय, मी रडायचे मागच्या सीटवर."

"फियाटची बॅटरी छोटी होती," हिवराळे म्हणाले. "ही गाडी म्हणजे सगळीच बॅटरी. हिच्यात काय कमी पडणार, असं कुणालाही वाटेल."

"कुणाला वाटणार नाय," गोकुळ म्हणाला. "दुसरा माणूस सरळ ब्रेक दाबून गाडी चालू करून बसला असता आन् त्याला काहीच झालं नसतं. एक टक्का वाचवायला तीनदा गाडी मारणारे तुम्ही जिल्ह्यात एकटे."

मग त्यानं समजावून सांगितलं. बसायचं असेल तर ब्रेक दाबून पूर्ण चालू करायची. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, पाय लांब. इंजिन नाही, धूर नाही, पोर्चमध्ये चालू राहिली तरी गुदमरायचं भय नाही. मोठीतून तासाला एखादा टक्का जाईल, कदाचित तेवढाही नाही. उठताना बंद करायची, लॉक करायची, किल्ली आत न्यायची. आणि छोटी इतक्या वेळा उपाशी मेली आहे की तिचं आयुष्य थोडं कमी झालंच असणार. वर्षभरात पुन्हा दाखवा, कुरकुर करायला लागली तर बदलू.

"बिल?" हिवराळेंनी विचारलं.

"वहिनींनी खरं सांगितलं तेच बिल," म्हणत गोकुळनं वायरी गुंडाळल्या. जाता जाता संध्याला म्हणाला, "तुझा जन्म कशामुळं लांबला ते आज कळलं बघ. तुझे आईबाप रात्रभर बॅटरी तपासत होते."

"भाऊ!" सुलेखाबाई ओरडल्या. स्कूटर गेली.

दुपारभर संध्या घरात इकडून तिकडं फिरत राहिली. कारण सापडलं होतं, तिनं शब्द दिला होता, पण फोन केला नव्हता. तिचं एक मन म्हणत होतं, की कारण सापडलं म्हणजे धोका गेला असं नाही. बाबांची सवय जाणार आहे का? आजच्यापुरता ब्रेक दाबतील, पुढच्या महिन्यात पुन्हा शंभर वाचवायला लागतील. आणि हेही खरं, की चार खोल्यांच्या घरात सोफा आहे, टीव्ही आहे, ब्लूटूथचा स्पीकर तिनंच आणून दिलाय. पोर्चमध्ये बसायला गाडी कशाला लागते, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. सोमनाथचा मेसेज आला, 'उद्या अकराला येऊ का?' तिनं उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, "चला, मीही बसते तुमच्याबरोबर."

तिघं गाडीत बसली. हिवराळे स्टेअरिंगमागं, सुलेखाबाई शेजारी, संध्या मागं. हिवराळेंनी उजवा पाय उचलला, जरा थांबले, आणि ब्रेक दाबून बटण दाबलं. टक्, टक्. 'रेडी'. त्यांनी आकड्याकडं बघितलं. मग मुद्दाम समोरच्या जास्वंदीकडं बघितलं. रेडिओ लावला. एक जुनं गाणं लागलं होतं, निवेदिका सावकाश बोलत होती.

कुणीच बोललं नाही.

सुलेखाबाईंनी विचारलं, "एसी लावायचा का?" हिवराळे म्हणाले, "नको." संध्या म्हणाली, "गाणं छान आहे." हिवराळे म्हणाले, "हं." मग पुन्हा गाणं. संध्यानं आरशात बाबांचे डोळे पाहिले. ते रस्त्यावर लक्ष असल्यासारखे फाटकाकडं लागले होते. आईची मांडीवरची बोटं उगाच चुळबुळत होती. जेवणाच्या टेबलावर असतं तसंच सगळं. यासाठी गाडी ठेवायची?

आणि मग तिला आठवलं. मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडलेली ती सात-आठ वर्षांची. सिल्लोडहून परत येताना. पुढं बाबांचा आवाज. न थांबणारा, हळू, घरात कधीच न ऐकलेला आवाज. काय बोलत होते ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की ती जागी आहे हे कळलं की ते बोलणं थांबायचं, म्हणून ती डोळे घट्ट मिटून पडून राहायची.

"मला एक फोन करायचाय," ती म्हणाली आणि दार उघडून उतरली. दार हळूच लावलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोर्च दिसतो. संध्यानं दिवा लावला नाही. गाडीच्या आत पडद्याचा निळसर उजेड. सुरुवातीला दोघं तशीच बसली होती. मग बाबांनी रेडिओचा आवाज जरा कमी केला असावा. त्यांचा हात स्टेअरिंगवरून उठला, हवेत काहीतरी मोजल्यासारखा फिरला, परत खाली आला, पुन्हा उठला. आई समोर बघत हसत होती, मग मान वळवून काहीतरी म्हणाली आणि बाबांनी डोकं मागं टेकून तोंड उघडून हसायला सुरुवात केली. काचा बंद होत्या. आवाज एवढासाही बाहेर येत नव्हता.

संध्यानं फोन लावला.

"सोमनाथ, सॉरी हं. गाडी नाही देता येणार. नाही, नाही, काही बिघाड नाही. चालू आहे. आत्ता या क्षणी चालूच आहे." ती थोडं ऐकत राहिली. "नाही हो, कुठं गेलेले नाहीत. घरीच आहेत. वापरात आहे, एवढंच."